‘उठलो’मुळे लागलेलं लग्न

पावसाळा सुरू झाला की पुण्यात दिवाळी अंकांची कामं अंगावर येऊ लागतात. त्यात एक काम दर वर्षी कुठे ना कुठे असतंच. गुजराती किंवा कन्नड कथा छापायची असते, तिचं इंग्रजी भाषांतर हाताशी असतं आणि मराठी महिनाभरात हवं असतं. मूळ भाषा येणारा माणूस शोधायला सवड नसते, आणि इंग्रजी येणारे सदाशिव पेठेत जिन्याजिन्याला सापडतात. मग वापीहून डहाणूला यायचं ते लंडनमार्गे ठरतं.

या प्रवासात काय होतं ते मोठ्या कादंबरीपेक्षा पाच वाक्यांत जास्त स्पष्ट दिसतं. खालचा उतारा कुठल्या पुस्तकातला नाही, दाखवण्यापुरता रचलेला आहे. तिन्ही रूपं शेजारी एका लिपीत दिसावीत म्हणून गुजराती आणि इंग्रजीही नागरीतच लिहिलं आहे.

मूळ गुजराती असं:

‘बेसता वरसनी सवारे हुं वहेली ऊठी गई. फोईबा ओसरीमां हींचके बेठां हतां. मने कहे, “आपणे हवे नीकळवुं जोईए, तारी भाभी वाट जोती हशे.” आगली राते चोपडा-पूजन मोडे सुधी चालेलुं. साचुं कहुं तो मने ए घरमां गमतुं नहोतुं.’

याचं इंग्रजी, आणि चांगलं इंग्रजी:

‘ऑन न्यू इयर्स मॉर्निंग आय वोक अप अर्ली. माय आन्ट वॉज सिटिंग ऑन द स्विंग इन द व्हरांडा. “वी शुड लीव्ह नाऊ,” शी सेड, “युअर सिस्टर-इन-लॉ मस्ट बी वेटिंग.” द वर्शिप ऑफ द बुक्स हॅड गॉन ऑन टिल लेट द नाइट बिफोर. टू टेल द ट्रुथ, आय डिड नॉट लाइक दॅट हाऊस.’

आणि त्यावरून झालेलं मराठी:

‘नववर्षाच्या सकाळी मी लवकर उठलो. माझी मावशी व्हरांड्यात झोक्यावर बसली होती. “आम्हाला आता निघायला हवं,” ती म्हणाली, “तुझी मेहुणी वाट पाहत असेल.” आदल्या रात्री पुस्तकांची पूजा उशिरापर्यंत चालली होती. खरं सांगायचं तर मला ते घर आवडलं नाही.’

मराठी वाक्यं कुठे अडखळत नाहीत. मुद्रितशोधकाला लाल पेन उघडावंसं वाटेल अशी जागा नाही. आता एकेक शब्द मागे नेऊन बघू.

‘हुं वहेली ऊठी गई’ म्हणणारी बाई आहे. गुजरातीत ‘वहेली’ आणि ‘गई’ या दोन्ही शब्दांनी ते सांगितलं आहे. इंग्रजीच्या ‘आय वोक अप’ला लिंग नाही. मराठीला मात्र ते लागतंच. ‘उठले’ की ‘उठलो’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. दोन्ही टोकांना असलेली माहिती मधल्या भाषेत मावली नाही, आणि मराठीकाराने मनानेच ‘उठलो’ लिहिलं. इथवर ही एक चूक आहे. खरी गंमत तिच्या पुढे आहे.

‘सिस्टर-इन-लॉ’ या एका शब्दात मराठीतली वहिनी, नणंद, जाऊ आणि मेहुणी अशी चार माणसं बसतात. बोलणारी बाई असती तर मराठीकाराने वहिनी, नणंद नाही तर जाऊ यांतलं काहीतरी धरलं असतं. पण पहिल्या वाक्यात त्याने बोलणाऱ्याचा पुरुष केलेला आहे. पुरुषाला नणंद नसते, जाऊ नसते. उरल्या वहिनी आणि मेहुणी, आणि त्याने मेहुणी उचलली. मेहुणी आली म्हणजे बायको आली. मूळ उताऱ्यात लग्नाचा कुठे उल्लेख नसलेल्या माणसाचं एका ‘लो’ने लग्न लागलं. पुढच्या पानांवर हा गृहस्थ एकटाच का फिरतो, बायकोचं नाव कधी का काढत नाही, याचं कोडं वाचकाला पडेल आणि तो लेखकाला दोष देईल.

चुका साचतात म्हणजे काय होतं, ते इथे हातात धरता येतं. दोन टप्प्यांत दहा-दहा टक्के गळती झाली, म्हणजे एकूण एकोणीस टक्के गेलं, असा हिशोब लोक मांडतात. तो फार सौम्य आहे, कारण त्यात प्रत्येक चूक आपल्या जागी गप्प बसते असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात पहिला अंदाज दुसऱ्या अंदाजाला वाट दाखवतो. ‘उठलो’ चुकलं म्हणून ‘मेहुणी’ चुकण्याची शक्यता वाढली, आणि मेहुणी आली म्हणून पुढे ‘सासुरवाडी’ लिहायला कुणी बिचकणार नाही.

आता आत्या. ‘फोई’ म्हणजे वडिलांची बहीण, त्याला मराठीत नेमका शब्द आहे. इंग्रजी ‘आन्ट’मधून परत येताना आत्या, मावशी, काकू, मामी असे चार दरवाजे उघडतात, आणि प्रेमळ बाई दिसली की बहुतेक हात मावशीच्या दाराकडे जातो. त्यामुळे घराची बाजूच फिरली. वडिलांकडचं घर आईकडचं झालं. त्या घरात ‘गमत नव्हतं’ या वाक्याचं वजन दोन्हीकडे सारखं नाही. आत्याच्या घरात भाचीचं मन न लागणं आणि मावशीच्या घरात न लागणं, यांतून मराठी वाचक आपापल्या अनुभवाने वेगवेगळी कथा रचतो.

‘गमतुं नहोतुं’चं इंग्रजी तर खास पाहण्यासारखं आहे. गुजराती ‘गमवुं’ म्हणजे आवडणं, पण ‘मने घरमां गमतुं नथी’ म्हटलं की मन न रमणं. मराठीत यासाठी ‘करमणं’ आहे, आणि जुन्या बोलण्यात ‘गमत नाही’ हा शब्दही जसाच्या तसा आहे. इंग्रजीने ‘लाइक’ लिहिलं आणि न रमण्याची नापसंती झाली. शिवाय ‘नहोतुं’ हा चालू असलेला काळ होता, तो ‘आवडलं नाही’ असा एका फटक्यात संपला. मूळ मुलगी तिथे दिवसचे दिवस राहिली आहे. मराठीतला जावई घर बघून नाक मुरडून गेला.

‘आपणे’ हा त्याहून बारीक, पण जास्त बोचणारा मुद्दा. ऐकणाऱ्याला धरून ‘आपणे’ आणि वगळून ‘अमे’ असा भेद गुजरातीत आहे. मराठीत तोच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा आहे. दोन शेजारणींच्या घरात एकच कपाट, आणि मध्ये इंग्रजीचा ‘वी’, ज्याला हे कप्पेच नाहीत. ‘आम्हाला आता निघायला हवं’ असं म्हटल्याबरोबर मावशीबाई भाच्याला घरी ठेवून निघाल्या. मग तुझी मेहुणी वाट पाहत असेल, हे त्याला का सांगतात? संवादाचा सांधा निखळला. वाचक क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. संपादक मात्र थबकून ‘दुरुस्ती’ करतो: ‘आम्ही निघतो, तूही नीघ.’ ही दुरुस्ती मुळात नाही, इंग्रजीत नाही, आणि वाचायला मात्र अगदी ठीक लागते.

दुरुस्तीचं सगळ्यात मोठं प्रकरण सणाचं. ‘बेसतुं वरस’ म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा; गुजरातेत विक्रम संवताचं वर्ष त्या दिवशी बदलतं. आपल्याकडे तोच दिवस बलिप्रतिपदा, दिवाळीतला पाडवा. आदल्या रात्रीचं ‘चोपडा-पूजन’ म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या वेळी हिशोबाच्या वह्यांची पूजा. रविवार पेठेतल्या जुन्या पेढ्यांवर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागणार नाही, मराठी दुकानदारही वहीपूजन करतातच. सण एक, तिथी एक, विधी एक. इंग्रजीत मात्र त्याचं ‘न्यू इयर’ आणि ‘बुक्स’ झालं.

आता संपादकाच्या टेबलावर हा मजकूर येतो. नववर्ष म्हणजे कुठलं? गुजराती हिंदू कुटुंब आहे, एक जानेवारी कशाला असेल, म्हणून तो ‘गुढीपाडव्याच्या सकाळी’ करतो. झाली चैत्राची सुरुवात. मग आदल्या रात्री पुस्तकांची पूजा कशी? पुस्तकांची पूजा मराठी माणसाच्या डोक्यात दसऱ्याला, सरस्वतीपाशी असते. हे जुळेना, म्हणून ‘पुस्तकांची’ हा शब्द उडतो आणि नुसती ‘पूजा’ उरते. पुढच्या पानावर उंबऱ्यावर पणत्या येतात, त्यांचे ‘दिवे’ होतात. पहाटेचा गारवा येतो तो चैत्रात शोभत नाही, म्हणून तो ‘झुळूक’ होतो. बघा, प्रत्येक वेळी वाचकाला चूक कळवू शकणारी एक खूण होती, आणि प्रत्येक वेळी ती खूणच काढून टाकली गेली. चौथ्या हातानंतर मजकूर आतून एकसंध झाला, फक्त कथा कार्तिकातून चैत्रात गेली.

माझं मत असं की कच्च्या मराठीतलं लंडनमार्गे भाषांतर सफाईदार भाषांतरापेक्षा कमी घातक असतं. कच्च्यात खाच राहते, बोट लागतं. यंत्राच्या भाषांतरात एकाच निवेदकाचं एका वाक्यात ‘उठलो’ आणि चार ओळींनी ‘गेले’ झालेलं अनेकदा दिसतं. ते हास्यास्पद असतं, पण निदान गडबड झाल्याचं उघड सांगतं. जाणता माणूस सगळीकडे ‘उठलो, गेलो, बसलो’ अशी एकवाक्यता आणतो आणि शंकेला जागाच ठेवत नाही.

उलट भाषांतर करून तपासण्याची जी पद्धत सांगतात, ती इथे का निकामी ठरते तेही यातच आहे. चुकलेलं मराठी परत इंग्रजीत नेऊन पाहा. मावशीचं ‘आन्ट’ होतं, मेहुणीचं ‘सिस्टर-इन-लॉ’, ‘उठलो’चं ‘वोक अप’, ‘आम्हाला’चं ‘वी’, झोक्याचं ‘स्विंग’. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजी समोर ठेवून मराठी तपासणाऱ्याला त्या पाच वाक्यांत बोट ठेवायला जागा सापडणार नाही, कारण मराठीकाराने इंग्रजीशी बेइमानी केलेलीच नाही.

झोक्याचा उल्लेख आला म्हणून तेही सांगून टाकतो. ‘हींचको’ म्हणजे घरात कड्यांवर टांगलेला लाकडी झोपाळा, ज्यावर बसून घरातली मोठी माणसं सुपारी कातरतात. ‘झोका’ म्हटलं की दोर आणि झाड येतं, आणि वयस्क बाई व्हरांड्यात झोके घेताना दिसू लागते. ‘ओसरी’ हा शब्द तर गुजराती-मराठीत एकच आहे. तो इंग्रजीत गेला आणि परत येताना कपडे बदलून ‘व्हरांडा’ होऊन आला.

कन्नडच्या बाबतीत थोडं वेगळं घडतं. कन्नड क्रियापद ‘नानु होदे’ म्हणताना बोलणाऱ्याचं लिंग सांगतच नाही, म्हणजे तिथे ‘गेलो’ की ‘गेले’ हा शोध थेट भाषांतरातही संदर्भावरूनच घ्यावा लागतो. त्याचं पाप इंग्रजीच्या माथी मारता येणार नाही. पण ‘माव’ या शब्दाचं बघा. मामा आणि सासरा दोघांनाही कन्नडमध्ये ‘माव’ म्हणतात, आणि ‘अत्ते’ म्हणजे आत्या, मामी आणि सासूही. आत्या-मामांच्या घरात लग्नं होण्याच्या चालीतून आलेली ही नाती आहेत. इंग्रजीला इथे ‘अंकल’ किंवा ‘फादर-इन-लॉ’ असं एकच निवडावं लागतं. त्याने ‘अंकल’ निवडलं की मराठीत काका येतो, आणि काकाच्या घरात लग्नाचा विषय निघाला की मराठी वाचक दचकतो. थेट कन्नडमधून येणाऱ्याला आपल्याकडचे ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ आठवले असते. सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते, यात तोच दुहेरी अर्थ अजून जपलेला आहे.

तसंच ‘बंदनंते’. कन्नडमध्ये क्रियापदाला ‘अंते’ लावलं की ऐकीव गोष्ट होते: ‘आला म्हणे’. मराठीत त्याला इतका तंतोतंत जोड आहे की भाषांतर करण्यासारखं काही उरत नाही. इंग्रजी मात्र त्याचं ‘अ‍ॅपरंटली’ करतं, आणि मराठीकार त्याचं ‘बहुधा’ करतो. गावगप्पेचा अंदाज झाला. ऐकीव बातमी सांगणारा माणूस स्वतः जबाबदारी घेत नाही. बहुधा म्हणणारा घेतो. खेडेगावच्या कथेत, जिथे सगळं गाव ‘म्हणे’वर चालतं, तिथे हे शंभरदा झालं की गावच्या गाव विचारवंत होतं.

इंग्रजी भाषांतरकाराचा यात दोष नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तो परक्या वाचकासाठी लिहितो, म्हणून पदार्थही समजावून सांगतो. ‘छाश’ला तो ‘दही घुसळून केलेलं पातळ पेय’ अशी शेपटी जोडतो. मराठीकार ती शेपटी इमानाने आणतो, आणि पुण्यातल्या वाचकाला ताक म्हणजे काय ते छापील शिकवलं जातं. ‘रोटलो’ तिकडून ‘ब्रेड’ होऊन आला तर शेतकरी न्याहारीला पाव खातो. इथे एक सावधगिरी थेट गुजरातीतून आणणाऱ्यालाही हवी: बाजरीचा रोटलो ही आपली भाकरी, पण गुजराती ‘भाखरी’ म्हणजे मोहन घालून केलेली खुसखुशीत गव्हाची जाड पोळी. नावं जुळली म्हणून पदार्थ जुळत नाहीत. शेजारच्या भाषांमध्ये थेट रस्त्यावरही खड्डे असतात, फक्त ते दिसतात.

रोमन लिपीतून आलेली गावांची नावं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास पुरावा. रोमनमध्ये ट-त, ठ-थ, ड-द, ण-न यांचा भेद उरत नाही. मराठी पुस्तकात लाठी गावाचं ‘लाथी’, बोटादचं ‘बोताड’, पालीताणाचं ‘पालिताना’ किंवा गदगचं ‘गडग’ दिसलं, की मजकूर कुठल्या मार्गाने आला ते आतलं पान न वाचता ओळखावं.

तरी कधीकधी दुसरा इलाज नसतो. मूळ भाषा येणारा अनुवादक मिळत नाही आणि काम करायचंच असतं. तेव्हा निदान अंदाज नोंदवून ठेवता येतात. भाषांतराला हात घालण्याआधी एका वहीत प्रत्येक पात्राची ओळ करावी: बाई की पुरुष, निवेदकाशी नेमकं नातं काय, कोण कुणाला एकेरी बोलतं आणि कोण कुणाला अहो-जाहो करतं. इंग्रजीत जे सांगितलेलं नाही तो रकाना रिकामा ठेवायचा, मनाने भरायचा नाही. मसुद्यातही तिथे आत्या-मावशी न लिहिता ‘आन्ट’च लिहून खूण करायची. ओंगळ दिसतं, पण ओंगळ दिसावं म्हणूनच तसं करायचं.

मग त्या रिकाम्या रकान्यांसह मूळ पुस्तक घेऊन ती भाषा घरात बोलणाऱ्या कुणाकडे जायचं. पुण्यात गुजराती आणि कन्नड बोलणारी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. त्या माणसाला साहित्याची जाण असण्याची गरज नाही, आणि ‘भाषांतर कसं वाटतं?’ हा प्रश्न त्याला विचारूच नये. तो भिडेखातर छान म्हणेल. प्रश्न बंद हवेत. या पानावरची ‘आन्ट’ फोई की मासी, मामी की काकी? इथला ‘वी’ आपणे की अमे? बोलणाऱ्याचं क्रियापद ‘गयो’ की ‘गई’? नवरा बायकोला ‘तुं’ म्हणतो की ‘तमे’, आणि ती त्याला? कुठला सण, कुठला महिना? एकेका प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. गुजरातीच्या बाबतीत तर त्याला संवाद मोठ्याने वाचायला सांगावं. ‘वाट जोती हशे’ कानावर पडलं की मराठी माणसाला भाषांतर करावंच लागत नाही. लिपीही शिकण्यासारखी आहे. शिरोरेघ काढलेली नागरीच ती, काही अक्षरं तेवढी निराळी.

हिंदी भाषांतर उपलब्ध असेल तर ते इंग्रजीच्या शेजारी उघडं ठेवावं. हिंदीत ‘उठी’ दिसेल, ‘बुआ’ दिसेल, तू-तुम-आप दिसेल. आपण-आम्ही मात्र तिथेही ‘हम’मध्ये बुडतं, आणि भाकरी ‘रोटी’त. दोन रस्त्यांच्या चुका सहसा एकाच जागी नसतात, त्यामुळे हिंदी आणि इंग्रजी जिथे एकमेकांशी भांडतात तिथे पेन्सिलीची खूण करून तेवढंच मुळात शोधायला सांगावं.

वरच्या उताऱ्याचे रकाने असे भरून घेतले की मराठी साधारण असं होतं:

‘दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी मी लवकर उठले. आत्या ओसरीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “आपल्याला आता निघायला हवं, तुझी वहिनी वाट पाहत असेल.” आदल्या रात्री वहीपूजन उशिरापर्यंत चाललं होतं. खरं सांगायचं तर मला त्या घरात करमत नव्हतं.’

यात एक शब्द अजून टोचतो: ‘बसल्या होत्या’. गुजरातीत ‘फोईबा बेठां हतां’ हे आदरार्थी बहुवचन आहे आणि त्यात परकेपणा नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत आत्याला ‘अगं आत्या’ म्हणतात. ‘आत्या बसल्या होत्या’ म्हटलं की ती जरा दूरची, जरा कडक होते. ‘बसली होती’ लिहावं तर मूळ आदर जातो. यावर गुजराती शेजारी काही सांगू शकत नाही, मूळ पुस्तकही नाही. ती मुलगी त्या बाईला भीत होती की नाही, ते पुढची वीस पानं वाचून ठरवावं लागेल.